अनुभव धागा: न विचारता झालेले सौदे आणि ब्रोकरशी भांडण

गुहागरची सून
आधी आमचंच सांगते. चिपळूणला अप्पांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे, डिपॉझिटरीचं स्टेटमेंट पोस्टाने आलं. एका बँकेचे 300 शेअर होते, तिथे 60 दिसले. अप्पा निवृत्त मास्तर, ऑप्शन म्हणजे काय हे त्यांना आजही माहीत नाही. खातं बाजारपेठेतल्या सबब्रोकरने उघडून दिलेलं. खातेउतारा मागवला तर पाच महिने रोज ऑप्शनचे सौदे, तोटा 2,38,000, त्यातली 74,000 नुसती दलाली! सौद्यांच्या पावत्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोटा, जात होत्या त्या ईमेलशी आमचा संबंधच नाही. पण एक्स्चेंजचे मेसेज मात्र अप्पांच्या बटणाच्या फोनवर येत होते. 212 न उघडलेले. त्यांना ती जाहिरात वाटायची. आता ब्रोकर म्हणतो, मेसेज मिळत होते, गप्प बसलात, म्हणजे मान्य होतं. असं कोणाचं झालंय का? पुढे काय झालं?

राजापूरवाला
पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर सही केली असेल तर विसरा. माझ्या भावाने केली होती, त्याने नाद सोडला.

निवृत्त बॅक ऑफिस, देवरुख
राजापूरवाले, भावाने उगाच सोडलं. ती सही विकलेले शेअर पोचते करायला आणि मार्जिनसाठी तारण ठेवायला असते. 2022 च्या नोव्हेंबरपासून तिच्या जागी डीडीपीआय नावाचं संमतिपत्र आलं, तेही ठरावीक कामांपुरतंच. काय घ्यायचं, काय विकायचं हे ठरवायचा हक्क त्यातून कोणाला मिळत नाही.

वहिनी, तुमच्या कामाचं आहे ते सेबीचं 22 मार्च 2018 चं परिपत्रक. ऑर्डर ग्राहकानेच दिली याचा पुरावा ब्रोकरने जपायचा: फोनचं रेकॉर्डिंग, सहीचा कागद, ईमेल, लॉग, काहीतरी. वाद झाला की तो दाखवायची जबाबदारी त्याची, तुमची नाही. म्हणून 'पैसे परत द्या' एवढंच लिहू नका. प्रत्येक सौद्याच्या ऑर्डरची वेळ आणि त्या ऑर्डरचं रेकॉर्डिंग मागा. केवायसी फॉर्मची प्रत मागा, आणि ईमेल नंतर बदलला असेल तर बदलाचा अर्जही. त्यावरची सही नीट बघा.

रेकॉर्डिंग आलं की घड्याळ लावून ऐका. मी वीस वर्षं हेच पाहिलं: सौदा सकाळी 11 चा आणि फोन 3:40 चा, बाजार बंद झाल्यावर. "काका, आज असं असं केलं हां", आणि काका म्हणतात "बरं बरं". ही ऑर्डर नव्हे, खबर आहे.

आता कडू बाजू. गप्प राहण्याचा मुद्दा लवाद मनावर घेतात, कधीकधी भरपाई त्यावरून कापतात. ईमेल परका निघाला तर तुमचं पारडं जड होतं, पण ते 212 मेसेज आड येणारच.

वेंगुर्ल्यातसून
माझा येगळाच. आमच्या वळखीच्या माणसान म्हयन्याक तीन टक्के देतंय म्हणान चार लाखाचो चेक घेतल्यान. हो पण ब्रोकरच मां?

निवृत्त बॅक ऑफिस, देवरुख
चेक कोणाच्या नावाने होता?

वेंगुर्ल्यातसून
तेच्याच कंपनीच्या. तेच्या पाटयेर ब्रोकराचा नाव होता.

निवृत्त बॅक ऑफिस, देवरुख
मग अवघड आहे. सबब्रोकरला स्वतःच्या नावाने ग्राहकाचे पैसे घेताच येत नाहीत, आणि ठरावीक परताव्याची हमी तर कोणालाच देता येत नाही. पैसे ब्रोकरच्या ग्राहकखात्यात गेलेच नाहीत, तर एक्स्चेंज तक्रार बाजूला ठेवण्याची शक्यता मोठी. पाटीचा फोटो आणि चेकची नोंद घेऊन पोलिसांत जा, ब्रोकरलाही लेखी कळवा.

हर्णैचा पंप
एक्स्चेंजचा गुंतवणूकदार संरक्षण निधी आहे ना? तिथून मिळतात सगळे.

निवृत्त बॅक ऑफिस, देवरुख
ब्रोकर डिफॉल्टर जाहीर झाला तर. तुमचा ब्रोकर उद्या दुकान उघडणार असेल तर त्या निधीचा उपयोग नाही.

गुहागरची सून
दोन महिन्यांनी लिहितेय. ब्रोकरला लेखी तक्रार, मग सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर. 21 दिवसांच्या आत उत्तर आलं: सगळे सौदे ग्राहकाच्या संमतीने. मग स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वाद सोडवायच्या पोर्टलवर गेलो. सलोख्याची बैठक व्हिडिओवर, अप्पा इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

पाच महिन्यांच्या सौद्यांसाठी ब्रोकरने सहा रेकॉर्डिंग दिली. पाच साडेतीननंतरची, देवरुखच्या काकांनी सांगितली तशीच. सहाव्यात सकाळी 10:05 ला पोरगा विचारतो, "मास्तर, आज बघू का थोडं?" आणि अप्पा म्हणतात, "हो हो, बघा तुम्ही." अप्पांचं म्हणणं, मला वाटलं भाव बघतोय! ईमेल बदलाचा अर्ज त्यांनी आणलाच नाही, सापडत नाही म्हणे.

दलालीचे 74,000 आणि वर 36,000 देतो म्हणाले. नवऱ्याला वाटतं घेऊन मोकळं व्हावं. अप्पा लवादाकडे जायचं म्हणतात, आणि ते "बघा तुम्ही" रोज दोनदा ऐकतात.

निवृत्त बॅक ऑफिस, देवरुख
घाई नको. त्या 10:05 च्या फोननंतर त्या दिवशी किती सौदे झाले, तेवढं आधी मोजा.