मदत हवी आहे: सातेरी मधमाश्यांसाठी पहिली पेटी कुठली आणि कुठून घेऊ?

मंडळी, चिपळूणजवळ आंबा-काजूच्या बागेत सातेरीची एकच पेटी ठेवायचीय. ऑनलाइन बहुतेक लँगस्ट्रॉथ पेट्याच दिसतात, पण त्या मोठ्या मेलिफेरा माशीच्या मापाच्या, सातेरी लहान, तिला चौकटींमधली फट मोठी पडते आणि मग ती मधेच वेडीवाकडी पोळी बांधते, म्हणून सातेरीच्या मापाच्या आयएसआय ए टाइप पेटीवर आलोय. एकाने प्लायची स्वस्तात दाखवली, पण आमच्या पावसात ती फुगणारच, सोडली. सागवानच घेऊ की शिवण चालेल, बाहेरून नुसतं जवसाचं तेल पुरतं का? जाळीची टोपी, हातमोजे, स्मोकर घेतोय, सातेरीला पूर्ण सूट लागतो का? आणि मुख्य म्हणजे महाबळेश्वरच्या मध संचालनालयात एकच पेटी सुटी विकत मिळते का, की नेमक्या मापाची देणारा खात्रीचा सुतार कोकणात कोणी आहे?