'आधार' डोक्यावर असतो का?

कानामात्रा
रोज सकाळी बाजार उघडण्याआधी आमच्याकडून एक छोटं टिपण जातं. आदल्या दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव घेऊन त्या दिवसाच्या पातळ्या काढायच्या आणि टाकायच्या. आकडे शीट देते, मराठी माझ्याकडे. सपोर्टला 'आधार', रेझिस्टन्सला 'अडथळा', पिव्होटला काही सुचेना म्हणून पिव्होटच. परवाचा उच्चांक २५०, नीचांक २३८, बंद २४७. त्यावरून पिव्होट २४५, पहिला अडथळा २५२, पहिला आधार २४०. काल भाव उघडलाच २३७ला. लगेच एका वाचकाचा निरोप : "ताई, आधार पायाखाली असतो की डोक्यावर?" काय सांगू? शब्द चुकलाय का?

रोखठोक
'अडथळा' चुकलाय. शाळेत विजेच्या धड्यात 'रोध' होता, तोच घ्या. अडथळा रस्त्यात पडलेला असतो, रोध वस्तूच्या अंगात असतो.

कानामात्रा
काका, प्रश्न आधाराचा आहे.

खटपट्या
पिव्होटला आम्ही कार्यालयात 'सारांश तक्ता' म्हणतो. ओळी-स्तंभ हवे तसे फिरवता येतात. शीटमध्येच मिळेल.

शंकासूर
खटपट्या, तो पिव्होट निराळा. हा एक आकडा आहे, तीन भावांची सरासरी. आणि ताई, तुमच्या वाचकाचं बरोबर आहे. शीटला भाव उद्या कुठे उघडणार हे ठाऊक नसतं. ती एवढंच करते :

```
P  = (H + L + C) / 3
R1 = 2*P - L
S1 = 2*P - H
```

या गणितात आजचा भाव कुठेच नाही. 'आधार' हे सकाळी ठेवलेलं नाव आहे, ते वर्णन नव्हे. भाव २३७ला उघडला की २४० ही अडवणारी जागा झाली. टिपणावर मात्र दिवसभर 'आधार १' असंच राहणार.

जुनाखाक्या
एवढं गणित कशाला? आधार म्हणजे काल जिथे घेणारे उभे राहिले ती जागा. अडथळा म्हणजे जिथे विकणारे तुटून पडले ती. चाळीस वर्षं हेच पाहतोय.

शंकासूर
आलेखावर हाताने रेघ ओढली तर तुमचं खरं. पण इथला पहिला अडथळा २५२ आहे, आणि परवाचा उच्चांक २५०. परवा २५२ला एकही सौदा झालेला नाही, मग विकणारे तुटून कुठे पडले? बंद भाव बरोबर मधोमध, म्हणजे २४४ला आला असता, तर पिव्होट २४४, आधार २३८, अडथळा २५० निघाले असते. म्हणजे थेट नीचांक आणि उच्चांक. तुमची व्याख्या तेवढ्यापुरती जुळते. बंद भाव मधल्याहून जसजसा वर, तसतशा सगळ्या पातळ्या वर सरकतात.

जुनाखाक्या
करून पाहिलं. जुळतंय खरं. पण मग त्याला आधार म्हणूच नये, 'अंदाज' म्हणा.

पदरमोड
मी 'उंबरठा' सुचवते. आतून बाहेर जाताना तोच, बाहेरून आत येताना तोच. वर-खाली भूमिका बदलली तरी शब्द खोटा पडत नाही.

रोखठोक
उंबरठा ओलांडायचा असतो, त्याच्यावर कोणी टेकून राहत नाही. भाव तर तिथे टेकतो. त्यापेक्षा 'टेकू' बरा. टेकू काढला की वरचं कोसळतं, हेही त्यात येतं.

पदरमोड
म्हणजे २३७ला उघडला तेव्हा टेकू छताला टांगलेला?

कानामात्रा
आज मी 'खालची पहिली पातळी' असं लिहून पाहिलं. संपादकांनी परत पाठवलं. म्हणाले, "आधार तुटला" असं लोक बोलतात, "खालची पहिली तुटली" असं कोण म्हणेल? तेही पटलं. शेवटी आधारच ठेवला आणि खाली ओळ घातली : 'भाव आधाराखाली उघडल्यास ती पातळी अडथळा समजावी.' वाक्य ओबडधोबड आहे, सुधारून द्या कुणीतरी.

शंकासूर
'उघडल्यास' पुरेसं नाही. दुपारी खाली घसरला तरी तेच होतं. 'भाव आधाराखाली असेल तोवर' असं करा.

खटपट्या
तसंही पिव्होटला मराठी शब्द राहिलाच. जात्याचा खुंटा? सगळं त्याच्याभोवती फिरतं.

रोखठोक
खुंटा हातात धरून फिरवायचा असतो. तोच गोल फिरतो, जातं त्याच्याभोवती फिरत नाही. मधली ती खुंटी. आणि ताई, एक राहिलं : तुम्ही पाठवता ते 'टिपण' की 'टिप्पणी'? टिपण स्वतःसाठी असतं.

पदरमोड
कोण म्हणतं? टिपण दुसऱ्यालाही देतात. टिप्पणी म्हणजे दुसऱ्याच्या लिखाणावर मारलेला शेरा.

रोखठोक
मग 'टाचण'.