मदत हवी आहे: असायलियम आयन तुटतो कसा?

राजेहो, मी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून एसटीनं कॉलेजला ये-जा करतो. एक गोष्ट डोक्यात अडकली आहे.

बेंझीनला तीन कार्बनांची सरळ साखळी जोडायची आहे. 1-क्लोरोप्रोपेन आणि AlCl₃ घेतलं तर मुख्यतः आयसोप्रोपिलबेंझीन मिळतं. टोकाच्या कार्बनवर धनभार येऊ लागला की शेजारचा हायड्राइड सरकतो आणि भार मधल्या कार्बनवर जातो. इथवर समजलं.

प्रोपॅनॉइल क्लोराइडपासून मात्र CH₃CH₂C≡O⁺ हा असायलियम आयन बनतो. ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉन-जोडी देतो, त्यामुळं कार्बनचं अष्टक पूर्ण असतं. हायड्राइड सरकला तर शेजारच्या कार्बनचं अष्टक मोडेल, म्हणून तो जागचा हलत नाही. मिळालेल्या कीटोनचं झिंक अमाल्गम आणि HCl नं क्षपण केलं की सरळ प्रोपिलबेंझीन. कपाशीच्या धुऱ्यावर बसून हे दोनदा लिहून काढलं, तेव्हा कुठं पटलं.

अडलं ते पुढं. पिव्हॅलॉइल क्लोराइड, म्हणजे (CH₃)₃CCOCl, घेतलं तर कीटोनऐवजी मुख्यतः टर्ट-ब्यूटिलबेंझीन मिळतं, म्हणजे CO निघून जातो. अष्टक पूर्ण असूनही हा आयन का तुटतो? मागे राहणारा तृतीयक कार्बोकॅटायन स्थिर असतो, एवढंच कारण आहे का? आणि अ‍ॅनिसोलसारखं जास्त क्रियाशील वलय घेतलं तर CO निघायच्या आत कीटोन बनेल का? कोणी पायऱ्या मांडून सांगाल का?