जावेला आत्ताच सांगावं की गप्प बसावं?

खानापूरची सून: सासूबाईंना दर मंगळवारी बेळगावला व्यायामोपचाराला मीच नेते. थोरल्या जाऊबाई टिळकवाडीत राहतात. आठ महिन्यांत एकदाही त्यांना म्हटलं नाही. आता त्यांनी फोनवर “कशी आहेस?” विचारलं तरी तिडीक जाते. बोलू का?

जुना शहापूरकर: नको. घरात वह्या मांडल्या की घर फुटतं. रागात बोललेलं परत घेता येत नाही.

समुपदेशक, वडगाव: रागात बोलू नये हे खरं, पण गप्प बसल्याने राग मुरतो. फेऱ्या मनात मोजल्या जातात, तोंडाने “असू दे, मी करते” निघतं आणि समोरच्याला ते खरंच वाटतं. जाऊबाईंना बहुतेक कल्पनाच नसेल. टोमणे अजून सुरू झाले नसतील तर वेळ गेलेली नाही.

मंगळवारी दमून आल्यावर नको, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर नकोच. गुरुवार-शुक्रवारी दुपारी दोघीच असताना बोला: “अक्का, दर मंगळवारी माझा अख्खा दिवस जातो, मी दमायला लागलेय. हे आधीच सांगायला हवं होतं. महिन्यातले 2 मंगळवार तुम्ही न्याल का? पुढच्यापासून?” एवढंच. “थोडी मदत करा” म्हटलंत तर “सांग की कधीही” असं उत्तर येतं आणि काहीच बदलत नाही. दिवस आणि आकडा सांगितला की हो किंवा नाही म्हणावंच लागतं.

निपाणीकर: एवढी खटपट कशाला करूलालीस? घरी येऊन व्यायाम करवून घेणारे मिळतात की. फेरीच वाचेल.

समुपदेशक, वडगाव: फेरी वाचेल, पण उद्या औषधं, परवा पथ्याचं जेवण, तेही न सांगता यांच्याच अंगावर येईल.

जुना शहापूरकर: आणि त्या नाही म्हणाल्या तर? मग कायमचा अबोला.

समुपदेशक, वडगाव: नाही म्हणाल्या तर “मग काय जमेल?” विचारा. गाडीचं भाडं, किंवा महिन्यातून 4 दिवस सासूबाई त्यांच्याकडे. काहीच जमत नसेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं. अबोला बहुधा सुरुवातीच्या वाक्याने येतो. मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी नवरा-बायकोंच्या वादांचं चित्रीकरण करून अभ्यास केला, त्यात पहिली 3 मिनिटं कशी जातात यावर पुढचं बरंचसं ठरताना दिसलं. ते जोडप्यांबद्दल आहे, जावांबद्दल नाही. तरी “तुम्ही कधीच” ने सुरुवात केलीत की समोरची व्यक्ती तुमचं ऐकायचं सोडून स्वतःचा बचाव करते, हे कुठल्याही नात्यात दिसतं. आठ महिन्यांची उजळणी टाळा.

टिळकवाडीची थोरली सून: माझा आक्षेप वेगळाच आहे. आई दोन मुलांची, मग बोलणी दोन सुनांनी का करायची? धाकट्याने भावाला फोन करावा. जावेने जावेला सांगितलं की काम सुनांचंच, हे पक्कं होतं.

समुपदेशक, वडगाव: मुद्दा बरोबर आहे. मग पहिलं वाक्य नवऱ्यालाच सांगा, तेही “तुमच्या भावाशी या रविवारी बोला, 2 मंगळवारांचं” असं नेमकं. फक्त नवरा “बघू” म्हणाला तर किती थांबायचं, हे मी इथून सांगू शकत नाही.

जुना शहापूरकर: मुलगे बोलले तर माझी हरकत नाही. सुनांनी बोलू नये, हे मत मात्र कायम.