मदत हवी आहे: ग्राहक तक्रार आणि जबाबाचं इंग्रजी भाषांतर (नाशिक)

माझे मामा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. विहिरीवरच्या पंपाची मोटर वॉरंटीत जळाली, नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाने निकाल मामांच्या बाजूने दिला. कंपनी आता राज्य आयोगात अपिलात गेली आहे आणि मुंबईच्या वकिलांना तक्रार व जबाब इंग्रजीत हवेत. दोन्ही मराठीत आहेत, भाषांतर मी करतेय. विनंतीचं कलम असं आहे:

"सामनेवाला क्र. १ व २ यांनी वैयक्तिक व संयुक्तिकरीत्या पंपाची किंमत रु. ८६,५००/- व त्रासापोटी रु. ५०,०००/- दि. ४/५/२०२२ पासून प्रत्यक्ष अदा करेपावेतो द.सा.द.शे. ९% व्याजासह द्यावेत."

व्याज दोन्ही रकमांवर की फक्त किमतीवर? शिवाय कागदपत्रांच्या यादीत अ.क्र. ४ ला वायंडरच्या दाखल्याची तारीख १२/६ आहे, दाखल्यावर मात्र २१/६. दुरुस्त करू का?

पंचवटीकर: ताई, सरळ बेरीज करून १,३६,५०० लिहा, वाचायला सोपं. "वैयक्तिक व संयुक्तिक" मात्र जसंच्या तसं ठेवा. ते गेलं तर पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही वसूल करता येते ही मागणीच पुसली जाईल.

जुना टंकलेखक: दुसरं बरोबर, पण बेरीज नको. आयोग प्रत्येक मागणीवर वेगळा निर्णय देतो. किंमत मंजूर आणि त्रासाची रक्कम कमी, असं सर्रास होतं. अपिलात काय मागितलं आणि काय मिळालं हे शेजारी ठेवून बघतात. व्याजाचा अर्थ तुम्ही ठरवू नका. मुळात दोन्ही रकमा आधी, व्याज शेवटी आहे; इंग्रजीतही तोच क्रम ठेवा. व्याज किमतीला चिकटवलंत तर मामांची मागणी तुम्हीच कमी केलीत.

तारखेला हात लावू नका. यादीत १२/६, दाखल्यात २१/६, दोन्हीकडे जसं आहे तसं. फरक वकिलांना वेगळ्या कागदावर कळवा. दुरुस्ती करायची तर ती अर्जाने, भाषांतरातून नाही.

देवळालीहून: ई-जागृतीवर ऑनलाइन तक्रार करा ना, माझ्या फ्रिजची तिथेच केली.

धागाकर्ती: दादा, तक्रारीचा निकाल लागलाय, हे अपील आहे. यादी मी तारखेनुसार लावून घेतली होती, ते चालेल का?

जुना टंकलेखक: अजिबात नाही. जबाब उघडून बघा, "यादीतील अ.क्र. ४ चा दाखला नाकबूल" असं काही असेल. क्रम बदलला की तो नकार भलत्याच कागदावर, कदाचित बिलावर जाऊन बसेल. "मूळ प्रत" आणि "झेरॉक्स" हे शेरेही तसेच उतरवा.

धागाकर्ती: आहे, अगदी तसंच वाक्य आहे! आणि परिच्छेद ३ "अंशतः कबूल" म्हटलाय, म्हणजे पंप विकल्याचं मान्य, दोष अमान्य.

जुना टंकलेखक: मग "अंशतः" जपा. विक्रीची कबुली तेवढ्या एका शब्दात आहे.

पंचवटीकर: भाषांतराला प्रतिज्ञापत्र लागेल बहुतेक.

जुना टंकलेखक: आमच्याकडे वकिलांच्या सहीचा "खरा अनुवाद" असा शेरा चालायचा. मुंबईत काय मागतात ते वकिलांनाच विचारा.

धागाकर्ती: उद्या फोन करते. यादी आधी मूळ क्रमाने लावून घेते.