‘मागणी’, ‘खप’ की ‘तूट’? मालाच्या तक्त्यातल्या एका रकान्याचं नाव

बेअरिंगवाला, उद्यमनगर

वडिलांच्या वहीतला मालाचा हिशेब मी संगणकावर घेतोय. काउंटरवरच्या पोरांना पटकन वाचता यावं म्हणून सगळे रकाने मराठीत ठेवलेत. रोजचं गिऱ्हाईक किती नेतं, त्याला माल यायला लागणाऱ्या दिवसांनी गुणायचं आणि त्यातून फळीवरचा माल वजा करायचा. जे उरेल तेवढं मागवायचं. उत्तर शून्याच्या खाली गेलं तर शून्यच दाखवायचं, एवढा साधा हिशेब आहे.

अडचण शब्दाची झाली. गिऱ्हाईक नेतं त्या रकान्याला मी ‘रोजची मागणी’ म्हटलं आणि शेवटच्या रकान्याला ‘सुचवलेली मागणी’. गेल्या महिन्यात ६२०४ नंबरचे १२० नग विकले गेले, म्हणजे रोजचे ४. पण नव्या पोराने ‘मागणी’ म्हणजे आपण पुण्याला नोंदवलेली मागणी असं धरलं. महिन्याभरात आपण २१० नग मागवले होते, म्हणून त्याने रोजचे ७ लिहिले. माल यायला ९ दिवस लागतात. फळीवर २२ होते. ३६ मधून २२ जाऊन १४ यायला हवे होते, ते ६३ मधून २२ जाऊन ४१ आले. मी न बघता तेवढे मागवले. पोराचा दोष नाही, शब्दच दोन्हीकडे चालतो. मग या दोन रकान्यांना काय म्हणावं?

निवृत्त शिक्षिका, कागल

‘मागणी’चा हा गोंधळ जुनाच आहे, दादा. मुलीला मागणी येते तेव्हा मागणारा समोरचा असतो, आणि ‘आम्ही मागणी नोंदवली’ म्हणतो तेव्हा मागणारे आपण असतो. त्या पोराने भाषेच्या दृष्टीने काहीच चूक केली नाही. गिऱ्हाईक नेतं त्याला ‘खप’ म्हणा. खप आपल्या दुकानातून बाहेर जाणाऱ्या मालाचाच होतो, आपण पुण्याहून आणलेल्या मालाला कुणी खप म्हणत नाही. दिशा शब्दातच ठरलेली आहे.

मिरचीवाला, लक्ष्मीपुरी

आमच्यात हा हिशेबच बसत नाही बघा. घरोघरी चटणी उन्हाळ्यात होते, तेव्हा वर्षाचा निम्म्याहून जास्त माल दोन-अडीच महिन्यांत जातो. रोजचा खप काढायचा तरी कसला? ब्याडगी मिरची चांगली आली की घेऊन ठेवायची, बस्स. आमच्यात शब्द आहे ‘उठाव’. मालाला उठाव आहे, उठाव नाही. तोच घाला की.

बेअरिंगवाला, उद्यमनगर

मामा, उठाव शब्द झकास आहे, पण त्यात आकडा बसत नाही. ‘आज उठाव ४’ असं कोण म्हणेल? खप ४ म्हणता येतं.

हिशेबनीस, शाहूपुरी

खपच बरोबर. आता शून्याचं. तुम्हाला ‘किमान शून्य’ हवंय ना? मग किमानासाठी `MIN` असतं, तेच घाला, म्हणजे शून्याच्या खाली जाणार नाही.

बेअरिंगवाला, उद्यमनगर

घालून बघितलं. ६२०४ ला १४ यायच्या ऐवजी शून्य आलं. ६२०५ चा खप रोज २, फळीवर ३१ आहेत. तिथे शून्य यायला हवं, तर उणे १३ दिसतंय. सगळंच उलटं झालं.

स्टोअरकीपर, शिरोली एमआयडीसी

हिशेबनीस साहेब, शब्द बरोबर पण सूत्र उलटं. ‘किमान शून्य हवं’ याचा अर्थ शून्य आणि हिशेबाचं उत्तर यांत जे मोठं असेल ते घ्यायचं. लहान घेतलं तर उणे आकडा जिंकतो. म्हणून `MAX` लागतं. आमच्या फाउंड्रीच्या स्टोअरमध्ये नवा माणूस आला की हीच चूक करतो, कारण तो मराठीत ‘किमान’ म्हणत म्हणत टाइप करत असतो. खप B मध्ये, दिवस C मध्ये, शिल्लक D मध्ये असेल तर:

```
=MAX(0, B2*C2-D2)
```

हिशेबनीस, शाहूपुरी

मान्य. ‘शून्याच्या खाली नको’ असं म्हटलं असतं तर कदाचित मी फसलो नसतो.

निवृत्त शिक्षिका, कागल

शेवटच्या रकान्यासाठी मी ‘तूट’ सुचवते. वजाबाकीचं उत्तर ऋण येऊ शकतं, तूट ऋण असूच शकत नाही. तूट असते किंवा नसते. माल जास्त झाला तर आपण ‘उणे तेरा तूट’ म्हणत नाही, ‘तूट नाही’ म्हणतो. तुम्ही सूत्रात जो शून्याचा बांध घातलाय, तो या शब्दात आधीपासून आहे.

स्टोअरकीपर, शिरोली एमआयडीसी

ताई, शब्द सुंदर आहे, पण स्टोअरमध्ये चालणार नाही. आमच्यात तूट म्हणजे मोजणीला बसल्यावर वहीत आहे आणि फळीवर नाही असा माल. तूट निघाली की स्टोअरकीपरला जाब द्यावा लागतो. तक्त्यात रोज ‘तूट १४’ छापून आलं तर मालक मला बोलावून घेतील. ‘मागवायचा माल’ म्हणा, कामाला साधा आणि सरळ.

खरेदी विभाग, गोकुळ शिरगाव

मी बावीस वर्षं खरेदीच बघतोय. तुमची भीती खरी आहे, पण या सूत्रातून जो आकडा निघतो तो खरोखर तूटच आहे. ‘मागवायचा माल’ म्हटलं तर दुकानदाराची फसगत होते. ६२०४ वरच बघा.

फळीवर २२ आहेत आणि रोज ४ जातात, म्हणजे साडेपाच दिवसांत फळी रिकामी. आज फोन केला तरी माल नवव्या दिवशी येणार. मधले साडेतीन दिवस दुकानात एकही नग नाही. साडेतीन दिवस गुणिले ४ म्हणजे १४. तुमच्या सूत्रातून आलेले ते १४ हेच. पुण्याचा माल पोचायच्या आत जितके नग गिऱ्हाइकांना देता येणार नाहीत, तो हा आकडा.

आता तुम्ही १४ च मागवलेत असं धरा. नवव्या दिवशी १४ आले. थांबून राहिलेल्यांना दिले की त्याच संध्याकाळी फळी पुन्हा रिकामी, आणि पुढचा माल आणखी नऊ दिवसांनी. म्हणून १४ हा ‘एवढं मागवा’ असा सल्ला धरू नका. ‘एवढा उशीर झालाय’ अशी ती खूण आहे. मागवायचे असतील तर त्यावर पुढच्या खेपेपर्यंतचा खप धरावा लागतो. तुमच्या बाबतीत ३६ आणखी, म्हणजे ५०.

आणि शून्य. ६२०५ ला शून्य दिसतं, पण पाठीमागे उणे १३ आहे. रोजचे २ जातात, म्हणजे तुमच्याकडे साडेसहा दिवसांची उसंत आहे. साडेसहा दिवसांनी फळीवर १८ उरतील, तेव्हा फोन केलात की शेवटचा नग विकायला आणि नवी पेटी उतरायला गाठ पडेल. अर्थात माल ठरल्या दिवशी आला तर. पण तक्ता नुसतं शून्य दाखवतो. उसंत साडेसहा दिवसांची असो की आजच संपत असो, दोन्हीला शून्यच. शून्याचा बांध घालाच, नाहीतर मागणीपत्रावर उणे १३ छापलं जाईल. फक्त शेजारी ‘उसंत’ असा एक रकाना ठेवा आणि त्यात शिल्लक जास्त किती ते खपाने भागून दिवसांत लिहा.

बेअरिंगवाला, उद्यमनगर

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी शून्य दिसलं की निर्धास्त होत होतो. परवा ६२०६ ला सलग चार दिवस शून्य होतं आणि पाचव्या दिवशी एकदम आकडा दिसला. तोवर उशीर झालाच होता.

आणखी एक विचारतो. संगणकात एका नंबरची शिल्लक ‘-3’ दिसते. सूत्र त्याला वजा करतं म्हणजे ३ वाढतात. हे बरोबर आहे का?

स्टोअरकीपर, शिरोली एमआयडीसी

फळीवर उणे तीन नग कुणी ठेवू शकत नाही. त्यामुळे हे बहुतेक दोन कारणांनी होतं. एक तर तुम्ही तिघांकडून पैसे घेऊन ‘माल आला की देतो’ म्हणालात. मग ते ३ खरंच द्यायचे आहेत आणि वाढायलाच हवेत. नाहीतर माल आला, विकला, बिल झालं, पण खरेदीची नोंद करायची राहिली. मग ३ वाढवणं चूक. पहिल्याला ‘देणं माल’ म्हणा, दुसऱ्याला ‘राहिलेली नोंद’. दोन्हीला ‘मायनस स्टॉक’ म्हणत बसलात तर कधीच कळणार नाही. फळीपाशी जाऊन मोजणं हाच उपाय.

खरेदी विभाग, गोकुळ शिरगाव

आणि शिल्लक म्हणजे फक्त फळीवरची धरू नका. आज १४ तूट दिसली म्हणून मागवलेत, उद्या सकाळी तक्ता उघडलात तर वाटेवरचा माल धरलेला नसल्यामुळे पुन्हा तूट दिसणार, तीही वाढलेली. रोज मागवत बसाल. वाटेवरचा वेगळा रकाना करून तोही वजा करा.

निवृत्त शिक्षिका, कागल

खपाबद्दल माझीच दुरुस्ती करते. खप म्हणजे जे विकलं गेलं ते. दुकानात नगच नव्हता त्या दिवशी खप शून्य, पण मागणारा तर येऊन गेला ना? त्या दिवसाची मागणी शून्य नव्हती.

बेअरिंगवाला, उद्यमनगर

खरंय ताई. ६२०४ गेल्या महिन्यात सहा दिवस नव्हताच, आता वही चाळून बघितलं. १२० ला ३० ऐवजी २४ ने भागलं तर रोजचे ५ होतात. मग ४५ मधून २२ जाऊन तूट २३ येते. परत गेलेल्यांची नोंद कुठेच नाही, त्यामुळे ४ धरू की ५, हे अजून ठरवता येत नाही.

मिरचीवाला, लक्ष्मीपुरी

परत गेलेल्याची एक रेघ वहीत ओढत जा. आमचे वडील गल्ल्याशेजारी पाटीवर ओढायचे.

बेअरिंगवाला, उद्यमनगर

आजपासून पाटी लावतो, मामा. रकाने असे केलेत: रोजचा खप, यायला दिवस, फळीवर, वाटेवर, कमी पडणारा, उसंत. ‘तूट’ मलाही आवडला होता, पण धाकट्या पोराने तो वाचून पहिलं विचारलं, ‘कुणी नेलं?’ म्हणून ‘कमी पडणारा’. पुण्याला ५० सांगितलेत.

खरेदी विभाग, गोकुळ शिरगाव

नाव काहीही ठेवा. पण ‘कमी पडणारा’च्या खाली दिसेल तेवढाच आकडा फोनवर सांगू नका, हे पोरांना एकदा ६२०४ समोर ठेवून दाखवा.

निवृत्त शिक्षिका, कागल

मी अजून ‘तूट’वरच आहे. स्टोअरमधल्या तुटीला ‘मोजणीतली तूट’ म्हणता येईल की.

स्टोअरकीपर, शिरोली एमआयडीसी

ताई, ते आमच्या मालकांना कोण सांगणार?