मदत हवी आहे: जॉब पोर्टलवरचं प्रोफाइल दुसराच कुणी वापरतोय, रेझ्युमेही बदललाय

निशिगंध८९
कुणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा. माझ्या प्रोफाइलमध्ये अनुभव ३ वर्षांचा ७ झालाय, नोटीस पीरियड 'तात्काळ' झालाय आणि माझ्या नंबराच्या जागी भलताच नंबर आहे. पासवर्ड बदलला, नंबर नीट केला, तरी आज सकाळी परत तोच नंबर! एका रिक्रूटरची मेल आली की फोनवर ठरल्याप्रमाणे शुक्रवारी इंटरव्ह्यू. मी कुणाशी बोललेलेच नाही. पोर्टलच्या कस्टमर केअरला लिहिलंय, उत्तर शून्य. काय करू?

अण्णा_सोलापूरकर
१९३० ला फोन लावा. आत्ताच्या आत्ता.

पाटा_वरवंटा
अकाउंट डिलीट करा, नवीन काढा. पाच मिनिटांचं काम. उगाच डोक्याला ताप कशाला?

जास्वंद
निशिगंध, डिलीट अजिबात नका करू. कुठे कुठे अर्ज गेले ती यादी त्याच अकाउंटमध्ये आहे, ती गेली तर कुणाला कळवायचं हेच कळणार नाही. आधी हे सांगा: लॉगिन पासवर्डने करता की ओटीपीने? नंबर बदलल्याची मेल पोर्टलकडून आली होती का? आणि बदललेला रेझ्युमे उतरवून ठेवलाय का?

निशिगंध८९
पासवर्डने, जीमेलचा आयडी आहे. मेल वगैरे काही आली नाही. रेझ्युमे अजून तसाच आहे, उतरवला नाही. पण जीमेलचा काय संबंध? घोळ पोर्टलवर आहे.

जास्वंद
मेल आली नाही तिथेच तर पाणी मुरतंय. नंबर किंवा पासवर्ड बदलला की सहसा पोर्टल मेल धाडतं. तुम्ही स्वतः पासवर्ड बदललात त्याची तरी आली का? नसेल तर ती कुणीतरी वाटेत अडवतोय.

जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, मोबाइलच्या ॲपमध्ये हे दिसत नाही. वरच्या चाकावर टिचकी मारून See all settings, मग Filters and Blocked Addresses. तिथे पोर्टलच्या नावाचा, तुम्ही न केलेला फिल्टर दिसतो का बघा. शेजारच्या Forwarding and POP/IMAP मध्ये अनोळखी पत्ता आहे का तेही बघा. फिल्टर सापडला तर आधी स्क्रीनशॉट, मग डिलीट.

निशिगंध८९
आहे!! पोर्टलचा पत्ता आणि पुढे Skip Inbox, Mark as read, Delete it. मी हा केलेला नाही. फॉरवर्डिंग रिकामं आहे.

जास्वंद
मग तो तुमच्या मेलबॉक्समध्येच बसलाय. पोर्टलचा पासवर्ड कितीदाही बदला, तो 'पासवर्ड विसरलो' करणार, रीसेटची मेल कचऱ्यातून उचलणार आणि परत आत शिरणार. तुम्हाला इनबॉक्समध्ये काहीच दिसणार नाही.

एक बरं आहे. जीमेल कचऱ्यातल्या मेली ३० दिवस ठेवतं. सर्चमध्ये हे टाका, `पोर्टल` च्या जागी त्यांच्या मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग घाला:

```
in:trash from:(पोर्टल)
```

पहिली रीसेटची मेल कधीची, नंबर कधी बदलला, कुठल्या कंपनीत अर्ज गेले, सगळं तारखांसकट सापडेल. त्या मेली इनबॉक्समध्ये हलवा, नाहीतर आपोआप उडतील. त्याने कचराही रिकामा केला असेल तर मात्र पोर्टलवरच्या यादीवरच भिस्त.

आता क्रम महत्त्वाचा. आधी जीमेल: myaccount.google.com वर जाऊन रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी मेल तुमचेच आहेत ना ते बघा, Your devices मधली अनोळखी उपकरणं साइन आउट करा, नवा पासवर्ड घाला, टू-स्टेप चालू करा. ते झाल्यावर पोर्टल: त्याचा नंबर काढा, तुमचा घालून ओटीपीने पक्का करा, 'सगळीकडून लॉगआउट' असेल तर दाबा आणि शेवटी पासवर्ड. नंबर आधी काढायचा, कारण बऱ्याच पोर्टलवर नोंदवलेल्या नंबरावर ओटीपी मागवून पासवर्डशिवाय आत जाता येतं. सगळीकडून लॉगआउटची सोय नसेल तर सपोर्टला तेवढंच काम सांगा. त्याच्या मोबाइलमधलं ॲप तोवर उघडं राहू शकतं.

आणि खोटा रेझ्युमे काढण्याआधी उतरवून ठेवा. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कधीकधी बनवणाऱ्याचं नाव आणि तारीख राहून जाते.

पाटा_वरवंटा
एवढं सगळं करण्यापेक्षा नवीन अकाउंट सोपं, मी अजूनही म्हणेन.

खडूस_एचआर
पाटा, जुनं अकाउंट उडवलं तरी रिक्रूटरने उतरवलेली फाइल उडत नाही. ती त्याच्या सिस्टिममध्ये नाहीतर एक्सेलमध्ये जाऊन बसते. आणि आमच्याकडे एकाच जन्मतारखेची, एकाच कॉलेजची दोन प्रोफाइल दिसली, एकात ३ वर्षं आणि एकात ७, की शेरा काय बसतो माहितीये? 'फेक'.

निशिगंध, ही बहुतेक प्रॉक्सी इंटरव्ह्यूची टोळी. नाव, डिग्री, कंपनी तुमची, फोन त्यांचा, बोलणारा तिसराच. म्हणून शुक्रवारचा इंटरव्ह्यू आधी थांबवा, बाकी नंतर.

रिक्रूटरला रडगाणं लिहू नका, कुणी वाचत नाही. विषयात तुमचं नाव आणि ज्या पदासाठी अर्ज गेला ते पद. आत एवढंच: अमुक ते अमुक तारखेला प्रोफाइल परक्याच्या ताब्यात होतं, या नंबरावर बोललेला माणूस मी नव्हे, त्या काळातला रेझ्युमे बाद करा, खरा सोबत जोडलाय, तक्रारीचा क्रमांक हा. आधार, पॅन जोडू नका. खात्री हवी असेल तर ते व्हिडिओ कॉल करतील.

कन्सल्टन्सीला एक जादा प्रश्न विचारा: माझा रेझ्युमे कुठल्या क्लायंटकडे पाठवलात? ही खरी मेख. एका एजन्सीने नाव टाकलं की कंपनीच्या सिस्टिममध्ये उमेदवार काही महिने त्या एजन्सीच्या नावे अडकतो. उद्या तुम्ही स्वतः अर्ज केलात तर 'आधीच आलेला' म्हणून परत येईल. लेखी माघार मागून घ्या.

आजीचा_बटवा
माझ्या भाच्याला फोन आला होता, दोन हजार भरा, रेझ्युमे वर आणतो. अजिबात भरू नका!

जास्वंद
आजी, ते वेगळं प्रकरण. इथे कुणी पैसे मागितलेले नाहीत.

अण्णा, म्हणूनच १९३० नाही. ती लाइन पैसे गेले असतील तर. इथे cybercrime.gov.in वर 'इतर सायबर गुन्हे' मधून तक्रार करायची, ओळख चोरणे आणि प्रोफाइल हॅकिंगचा प्रकार तिथे आहे. आयटी कायद्याचं कलम ६६सी पासवर्ड किंवा ओळख चोरण्यासाठी, ६६डी तोतयेगिरीसाठी. मिळालेला क्रमांक खडूस म्हणतात त्या मेलमध्ये घाला.

अण्णा_सोलापूरकर
पोलीस स्टेशनला जाऊन एफआयआर केल्याशिवाय काही हलत नाही. ऑनलाइन तक्रारी पडून राहतात.

खडूस_एचआर
एचआरला एफआयआर नको असतो, काहीतरी लेखी हवं असतं. पोलीस काय करतील तो वेगळा विषय.

अण्णा_सोलापूरकर
वेगळा कसा? टोळी मोकळी राहिली तर उद्या दुसऱ्या कुणाचं प्रोफाइल.

निशिगंध८९
जीमेल झालं. यादीत एक फोन माझा नव्हता, काढला. कचऱ्यात मेली सापडल्या, अकरा अर्ज गेलेत. शुक्रवारवाल्या रिक्रूटरला फोन करून सांगितलं. पोर्टलकडून अजून काही नाही.

जास्वंद
कस्टमर केअर सोडा. साइटच्या तळाशी ग्रीव्हन्स ऑफिसरचा पत्ता असतो, त्यावर लिहा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे २४ तासांत पोच आणि आता ७ दिवसांत निकाल द्यावा लागतो. लॉगिनच्या नोंदी, म्हणजे तारीख, वेळ आणि आयपी, जपून ठेवायला सांगा. त्या तुम्हाला देणार नाहीत बहुतेक, पण पोलिसांनी मागितल्या तर शिल्लक असायला हव्यात.

खडूस_एचआर
आणि ब्लॉक केलेल्या कंपन्यांची यादी बघा. सध्याची कंपनी त्यात होती ना?

निशिगंध८९
होती. आता यादी रिकामी आहे. म्हणजे आमच्या एचआरला 'तात्काळ उपलब्ध' दिसलं असेल?? त्यांना आपण होऊन सांगू की गप्प बसू?

खडूस_एचआर
सांगा. तक्रारीच्या क्रमांकासकट, मेलवर.

पाटा_वरवंटा
मी तर गप्प बसेन. मुळात प्रोफाइल होतंच का, हा पहिला प्रश्न विचारतील.